रजिस्ट्रेशन फी मागणारा ईमेल: पत्ता उजवीकडून वाचा

"माझी मुलगी यंदा कॉम्प्युटर इंजिनिअर झाली. काल तिला हिंजवडीतल्या एका मोठ्या आयटी कंपनीचा ईमेल आला. गुरुवारी मुलाखत आहे, पण त्याआधी १,९५० रुपये रजिस्ट्रेशन फी भरायची, रुजू झाल्यावर परत मिळणार. लोगो, सही-शिक्का सगळं आहे, तिचे टक्केसुद्धा बरोबर आहेत. ईमेलच्या पत्त्यातही कंपनीचं नाव आहे. आज संध्याकाळी पाचची मुदत आहे. रक्कम फार नाही, भरून टाकू का?"
– एक आई, धायरी

ताई, भरू नका. मुदत पाचची असो नाहीतर पंधरा मिनिटांची, भरू नका. टीसीएस, इन्फोसिस यांसारख्या कंपन्यांनी आपल्या वेबसाइटवर स्पष्ट सांगितलंय की भरतीच्या कुठल्याही टप्प्यावर त्या उमेदवाराकडून पैसे घेत नाहीत. एमपीएससीसारख्या सरकारी परीक्षांना फी असते, पण ती जाहिरातीत छापलेली असते आणि अधिकृत वेबसाइटवर अर्ज करताना भरायची असते. कुणी ईमेल पाठवून ती मागत नाही.

टक्के बरोबर आहेत म्हणून तुमचा विश्वास बसला, ते मी समजू शकते. पण मुलीने नोकरीच्या पोर्टलवर बायोडेटा टाकला असेल, तर टक्के, कॉलेज, मोबाइल नंबर सगळं त्यात असतं आणि तो अनेकांच्या हाती पोचतो. लोगो तर कंपनीच्या वेबसाइटवरून कुणीही उचलतं.

आता तो ईमेल मुलीला उघडायला सांगा आणि तिच्याशेजारी बसा. जीमेलमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाखाली छोटा बाण असतो, तो दाबला की पूर्ण पत्ता दिसतो. वर दिसणारं नाव पाठवणारा हवं ते टाकू शकतो, म्हणून ते सोडून द्या. पत्त्यात @ नंतरचा भाग उजवीकडून वाचा. समजा, खऱ्या कंपनीचा पत्ता `example.com` आहे. मग `hr@careers.example.com` हा तिचाच, कारण शेवटी `example.com` आहे आणि त्याआधी टिंब आहे. पण `hr@example-careers.com` हे वेगळंच डोमेन झालं. मधल्या छोट्या रेघेमुळे ते कुणीही हजारभर रुपयांत विकत घेऊ शकतं. पत्त्यात कंपनीचं नाव असणं आणि पत्ता कंपनीचा असणं, यात एवढा फरक आहे.

तिथेच Reply-To दिसतंय का तेही पाहा. From एक आणि उत्तर जाणार भलत्याच जीमेल पत्त्यावर, असा प्रकार मी बऱ्याचदा पाहिलाय. मुलगी इंजिनिअर आहे, ती कॉम्प्युटरवर Show original उघडून SPF आणि DKIM या पाठवणाऱ्या डोमेनच्या तपासण्यांपुढे PASS लिहिलेलं दाखवेल आणि म्हणेल, "आई, खरा आहे." तिला सांगा, PASS म्हणजे ईमेल खरंच त्या डोमेनवरून आला, इतकंच. ते डोमेन चोरट्याचं असेल तरी PASS येतंच. त्यापेक्षा तिला `lookup.icann.org` वर ते डोमेन टाकून नोंदणीची तारीख पाहू द्या. वीस-पंचवीस वर्षं जुन्या कंपनीच्या नावाचं डोमेन तीन आठवड्यांपूर्वी घेतलेलं निघालं, तर आणखी काय हवं?

फी लहान असते ती मुद्दामच. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे आलेल्या कात्रजच्या एका मुलाने आधी १,८५० रुपये भरले. यूपीआयवर पैसे पाठवताना कंपनीऐवजी एका माणसाचं नाव आलं होतं, ते त्याने पाहिलंही होतं. "अकाउंटंटचं असेल" असं वाटलं त्याला. मग फोनवर दहा मिनिटांची मुलाखत झाली, ऑफर लेटर आलं आणि लॅपटॉपच्या डिपॉझिटसाठी ९,५०० मागितले. तेही गेले, कारण आधीचे पैसे अडकले होते ना. मग कागदपत्रांच्या तपासणीचे ४,२०० मागितले, तेव्हा त्याने आईला सांगितलं. तुम्ही आधीच विचारलंत, हे फार बरं झालं.

कंपनीत खरोखर जागा आहे का हे बघायचं असेल, तर ईमेलमधल्या नंबरवर फोन करू नका, त्यातली लिंकही उघडू नका. कंपनीची वेबसाइट स्वतः टाइप करून करिअरच्या पानावर ती जागा शोधा आणि कॉलेजच्या प्लेसमेंट ऑफिसरला विचारा.

मुलीने घाईत पैसे आधीच भरले असतील, तर तिला रागावण्यात वेळ घालवू नका. ताबडतोब १९३० वर फोन करा आणि `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवा. व्यवहाराचा यूटीआर नंबर हाताशी ठेवा आणि बँकेलाही कळवा. पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी कळवलं, तर ते गोठवता येण्याची शक्यता असते.

आणि तो ईमेल डिलीट करू नका. फॉरवर्ड केला तर तो कुठून आला याचा मूळ तपशील मागे राहतो, म्हणून Show original मधून मूळ ईमेल डाउनलोड करून ठेवा. तक्रारीसोबत तोच जोडा.