रामरामाची कथा: दुसऱ्या खर्ड्याआधी

तुमच्या कथेचा पहिला खर्डा वाचला. तुमचे निवृत्त तलाठी परभणीच्या गल्लीत सकाळी फिरताना दिसेल त्याला रामराम घालतात आणि दुसऱ्याच पानावर अख्खी गल्ली हसायला लागते. बदल दाखवायची घाई झाली. (तलाठी मात्र झकास निवडलात. सातबाऱ्यासाठी लोक ज्याला आधी रामराम घालायचे, तोच आता आधी घालतो. हे एका ओळीत येऊ द्या.)

सध्या दोनच गोष्टी करा:

– बदल एकाच माणसात दाखवा. नळाच्या पाळीवरून शेजारणीशी अबोला धरलेली बाई घ्या. आधी ती रामराम ऐकून घागर उचलून आत जाते. मग नुसती मान हलवते. एक दिवस तलाठी न बोलताच पुढं जातात, तेव्हा तीच मागून विचारते, "आज लई गडबड हाय का, काका?" पुढं कधीतरी ती शेजारणीची घागर नळाखाली सरकवते. त्या वेळी तलाठी तिथं नकोत, नाहीतर प्रवचन होतं.

– "गल्लीत आपुलकी वाढली" हे वाक्य खोडा. घागर पुरे.

आणि शेवटी म्हाताऱ्याला मारू नका, नवशिके हमखास मारतात. निवेदन कुणाच्या तोंडून, वगैरे नंतर बघू.