‘जवळपास झाले’मागचा अडथळा

प्रश्न: जळगावच्या आमच्या टीमच्या स्टेटस चॅटवर सगळेच ‘जवळपास झाले’ लिहितात. काम अडले आहे हे कसे ओळखावे?

उत्तर: एकाच कामाचे लागोपाठचे निरोप एकाखाली एक ठेवून वाचावेत. समजा, रावेरच्या केळी व्यापाऱ्यांच्या ॲपसाठी सोमवारी ‘ओटीपी जवळपास झाले’, मंगळवारी ‘फक्त टेस्टिंग बाकी’ आणि बुधवारी पुन्हा ‘जवळपास झाले’ असे आले, आणि सोमवारनंतर एकही कमिट दिसत नाही, तर उरलेले काम बहुधा त्या डेव्हलपरच्या हातातच नाही. कोड तयार असूनही एसएमएसचा मजकूर डीएलटी पोर्टलवर मंजुरीविना अडकलेला असू शकतो. ‘कधी होईल?’ याला ‘उद्या’ हेच उत्तर मिळते, म्हणून ‘कोणाकडून काय यायचे आहे?’ असे विचारावे. अर्थात, कमिट नसणे हा पक्का पुरावा नव्हे; काही जण काम स्वतःच्या लॅपटॉपवरच साठवून ठेवतात.