आरा, चाक आणि अलंकार

प्रश्न : 'आरा' म्हणजे नक्की काय, करवत की चाकातली दांडी? आणि पहिल्या चाकाला आरे होते का?

वखारीतल्या करवतीचा आरा वेगळा, तो बाजूला ठेवा. बैलगाडीच्या चाकात मधल्या तुंब्यापासून कडेपर्यंत जाणारी दांडी ती आरा, संस्कृत 'अर'. आणि नाही, पहिल्या चाकाला आरे नव्हते, ते यायला हजार-दीड हजार वर्षं लागली.

पण त्याआधी एक गोष्ट, कारण ती ऐकून ऐकून वैताग आलाय. आदिमानवाने म्हणे ओंडका आडवा कापला, चकती निघाली, झालं चाक! अहो, कापून बघा एकदा. लाकूड वाळताना वर्तुळाकार कड्यांच्या दिशेने जास्त आकसतं आणि गाभ्याकडे कमी, त्यामुळे चकतीला कडेपासून मध्यापर्यंत चीर पडते. शिवाय लाकडाच्या रेषा सगळ्या चकतीच्या जाडीतून आरपार, म्हणजे वजन पडलं की ती चीर वाढत जाऊन तुकडाच उडतो.

खरं जुनं चाक कसं असतं ते स्लोव्हेनियात ल्युब्लियानाजवळच्या दलदलीत 2002 साली सापडलं. इ.स.पू. 3150 च्या आसपासचं, म्हणजे पाच हजार वर्षांहून जुनं, चिखलात हवा न लागल्यामुळे टिकलं. व्यास साधारण 70 सेंटीमीटर. बुंधा उभा चिरून काढलेल्या अ‍ॅश लाकडाच्या दोन फळ्या शेजारीशेजारी ठेवल्यात आणि त्या सुटू नयेत म्हणून ओकच्या चार पट्ट्या आडव्या खाचांत बसवल्यात. मधलं भोक चौकोनी! म्हणजे आस चाकात घट्ट आणि चाकाबरोबर आसही फिरायचा, त्यामुळे वळणावर दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरणार आणि एक फरफटत जाणार. चालायचं तसंच, ओढायला बैल, घाई कुणाला होती. त्याच्या थोडं आधी, इ.स.पू. 3500 च्या सुमारास, पोलंडमधल्या ब्रोनोचित्से इथल्या मडक्यावर चारचाकी गाडी कोरलेली आहे आणि त्याच काळाच्या आसपास मेसोपोटेमियातल्या उरुकच्या चित्रलिपीतही गाडीचं चिन्ह येतं, त्यामुळे पहिला मान कुणाचा यावर भांडणं चालू आहेत, चालू देत.

आता माझ्या आवडीचा भाग. 'चक्र' हा शब्द ग्रीकमध्ये 'कुक्लोस', इंग्रजीत 'व्हील', सगळे एकाच मुळाचे. 'अक्ष' लॅटिनमध्ये 'अ‍ॅक्सिस'. 'नाभि' इंग्रजीत 'नेव्ह', म्हणजे चाकाचा तुंबाच. सगळी मंडळी सख्खी भावंडं, पण 'अर' ला असा दूरवर पसरलेला सामायिक भाऊ नाही, प्रत्येक शाखेने आऱ्यासाठी आपापला शब्द काढला! म्हणजे एकाच मूळ भाषेतून या भाषा फुटून वेगळ्या झाल्या तेव्हा चाक होतं, आस होता, तुंबा होता, आरे मात्र नव्हते. भाषेने दिलेली ही साक्ष जमिनीतून आलेल्या साक्षीशी जुळते. उरल पर्वताच्या दक्षिणेला सिंताश्ता संस्कृतीच्या थडग्यांत, इ.स.पू. 2000 च्या सुमारास, रथ पुरले होते. चाकं उभी राहावीत म्हणून थडग्याच्या तळाला खाचा खणल्या होत्या, लाकूड कुजून गेलं पण खाचेतल्या मातीत चाकाच्या खालच्या भागाचा ठसा उरला, त्यावरून एका चाकाला दहा-बारा आरे असावेत असं धरतात. सोबत घोडे. घोडा धावणार तर चाक हलकं हवं, आणि ते हलकं करायचं तर अचूक खाचा पाडणारी धातूची हत्यारं हवीत, म्हणून इतका उशीर. आऱ्याच्या चाकात लाकडाच्या रेषा दांडीत लांबीला आणि कडेत कडेच्या दिशेने धावतात, भरीव चाकाचा मूळ दोषच गेला.

आणि 'अर' आला कुठून? ऋ धातू, नीट बसवणे, जुळवणे. त्याच धातूतून वैदिक 'अरम्', म्हणजे जुळेल असं, पुरेसं. 'र' चा 'ल' झाला की 'अलम्', आणि त्याचाच 'अलंकार'! म्हणजे सुतार तुंब्याच्या खाचेत जे ठोकतो आणि सोनार गळ्यात जे घालतो ते एकाच घरचे. यावर लोक नाकं मुरडतात, मुरडू देत. ऋग्वेदात 'अरान् न नेमिः' असं येतं, कड जशी आऱ्यांना वेढते तसं, तिथे बसवण्या-जुळवण्याचीच कल्पना आहे असं माझं ठाम मत.

'निरुक्त' लिहिणाऱ्या यास्काबद्दल मात्र बोलायलाच हवं. 'रथ' कसा झाला याला तो पाच वाटा देतो : रंह् म्हणजे वेगाने जाणे, नाहीतर 'स्थिर' उलटा करून, नाहीतर ज्यात रमून उभं राहतात तो, नाहीतर रप् धातू, नाहीतर रस् धातू. पाच व्युत्पत्त्या देणाऱ्याला एकही नक्की माहीत नसते! लॅटिन 'रोटा' म्हणजे चाक, आपला 'रथ' त्याच घरातला, मूळ अर्थ चाकवाला, संपलं. म्हणून आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दायमाबादला 1974 साली सापडलेल्या ब्राँझच्या बैलरथावर 'भरीव चाकं आहेत, बैल आहेत, मग रथ कसला, गाडी म्हणा' असं कुणी म्हणालं तर चाकं भरीव आहेत एवढं मान्य करा आणि रथ म्हणत राहा.