बँक स्टेटमेंटमधला डेबिट आणि क्रेडिट कॉलम कसा वाचायचा?

प्रश्न: पहिल्यांदाच बँकेचं स्टेटमेंट काढलंय, त्यात डेबिट आणि क्रेडिट असे दोन कॉलम आहेत. कॉलेजात शिकवलं होतं की पैसे आले की बँक खातं डेबिट करायचं, मग इथे माझा पगार क्रेडिटमध्ये कसा दाखवलाय?

उत्तर: आधी कामापुरतं सांगते. डेबिट म्हणजे तुमच्या खात्यातून गेलेले पैसे आणि क्रेडिट म्हणजे खात्यात आलेले पैसे. काही ठिकाणी नावे आणि जमा छापलेलं असतं, काही बँका विड्रॉवल आणि डिपॉझिट लिहितात, अर्थ तोच. एका ओळीत यातल्या एकाच कॉलममध्ये रक्कम असते, दुसरा रिकामा असतो, आणि शेवटच्या बॅलन्स कॉलममध्ये ती एंट्री झाल्यावर उरलेली शिल्लक असते.

आता कॉलेजचं. तिथे शिकवलेलं बरोबर आहे आणि बँकही उलटं लिहीत नाहीये, प्रश्न फक्त वही कुणाची आहे एवढाच. तुम्ही स्वतःचा हिशोब लिहायला बसलात तर बँकेतले पैसे ही तुमची मालमत्ता, पगार आला की ती वाढली, म्हणून डेबिट. पण स्टेटमेंट हा बँकेच्या वहीतल्या तुमच्या पानाचा उतारा असतो, आणि बँकेच्या बाजूने बघितलं तर तुमचे पैसे तिला कधी ना कधी तुम्हाला परत द्यायचेत, म्हणजे ते तिच्यावरचं देणं आहे. देणं वाढलं की क्रेडिट, देणं कमी झालं की डेबिट. तुमचा पगार आला, बँकेचं तुम्हाला देणं वाढलं, म्हणून तो क्रेडिटला. एटीएममधून पैसे काढलेत, तेवढं देणं फिटलं, म्हणून डेबिटला. हे एकदा डोक्यात बसलं की पाठ करायला काही उरत नाही.

बॅलन्सच्या आकड्यापुढे कधी कधी Cr लिहिलेलं दिसेल, त्याचा अर्थ बँक तुम्हाला देणं लागते, म्हणजे सगळं नॉर्मल. तिथे Dr दिसलं किंवा आकड्याला मायनस लागलेला असेल तर मात्र थांबून बघा, कारण तेव्हा तुम्ही बँकेला देणं लागता, खातं ओव्हरड्राफ्टमध्ये गेलंय.

आता एक महिना घेऊन बघू, आकडे मी समजावण्यापुरते घेतलेत. ओपनिंग बॅलन्स 12,400. एक तारखेला पगार 30,000 क्रेडिट, बॅलन्स 42,400. तीन तारखेला एटीएममधून 5,000 काढले, डेबिट, बॅलन्स 37,400. सहा तारखेला ऑनलाइन पेमेंट केलं 2,150 चं, पैसे गेले पण समोरच्याला पोचलेच नाहीत, ते डेबिटला दिसतायत आणि बॅलन्स 35,250. आठ तारखेला तेच 2,150 क्रेडिटला परत आले, बाजूला रिव्हर्सल किंवा REV असं काहीतरी लिहिलेलं असतं, बॅलन्स पुन्हा 37,400. दहा तारखेला कुणीतरी दिलेला 8,000 चा चेक भरला, क्रेडिट, 45,400. बारा तारखेला तो चेक न वटता परत आला, मग 8,000 डेबिट, आणि वर चेक रिटर्नचा चार्ज 150 डेबिट, बॅलन्स 37,250. महिन्याच्या शेवटी व्याजाचे 90 क्रेडिट, क्लोजिंग बॅलन्स 37,340.

खाली दोन्ही कॉलमची बेरीज दिलेली असेल तर ती क्रेडिट 40,240 आणि डेबिट 15,300 अशी येईल. ओपनिंग बॅलन्समध्ये क्रेडिट मिळवा, डेबिट वजा करा, बरोबर 37,340 येतं. पण म्हणून या महिन्यात 40,240 ची कमाई झाली आणि 15,300 खर्च झाला असं म्हणायचं नाही, नवीन माणूस इथेच फसतो. रिव्हर्सलचे 2,150 आणि परत गेलेल्या चेकचे 8,000 दोन्ही कॉलममध्ये एकेकदा येऊन गेलेत, ते सोडून दिले तर खरं आलं फक्त 30,090 आणि गेलं 5,150, त्यातलेही 5,000 तुम्ही रोख काढलेत, ते अजून खिशात असतील. कुणी तुमच्याकडून उसने घेतलेले परत केले किंवा तुम्हीच तुमच्या दुसऱ्या खात्यातून पैसे आणले तरी ते क्रेडिटलाच दिसतात, कॉलम फक्त दिशा सांगतो, कारण सांगत नाही. कारणासाठी मधला नॅरेशनचा कॉलम वाचायचा, तो कितीही किचकट दिसला तरी.

चेकच्या बाबतीत अजून एक. क्रेडिटला एंट्री दिसली म्हणजे पैसे लगेच वापरता येतील असं नसतं, काही बँका चेक भरल्यावर एंट्री दाखवतात पण क्लिअर होईपर्यंत ती रक्कम अडकवून ठेवतात. अ‍ॅपमध्ये अ‍ॅव्हेलेबल बॅलन्स वेगळा आणि कमी दिसत असेल तर बऱ्याचदा हेच कारण असतं, खर्च करताना तो आकडा धरा.

कुठला कॉलम कुठला हेच कळेनासं झालं तर बॅलन्स बघा. आधीच्या ओळीपेक्षा बॅलन्स वाढला तर क्रेडिट, कमी झाला तर डेबिट, आणि फरक त्या एंट्रीच्या रकमेइतकाच असला पाहिजे. मी अकाउंट्सचं काम करते आणि कुठलंही स्टेटमेंट हातात आलं की आधी दोन-तीन ओळी अशाच पडताळते, कारण पीडीएफमधून एक्सेलमध्ये कॉपी करताना रिकामे सेल गायब होतात आणि क्रेडिटची रक्कम सरकून गुपचूप डेबिटखाली जाऊन बसते, नुसतं बघून ते लक्षातही येत नाही. शिवाय काही स्टेटमेंटमध्ये सगळ्यात नवीन एंट्री वर असते, तिथे खालून वर वाचत यायचं, नाहीतर सगळंच उलटं वाटेल आणि तुम्ही उगाच बँकेत फोन लावाल.

हेच कर्जाच्या खात्याला लावून बघा. तिथे तुम्हीच बँकेचं देणं लागता, त्यामुळे कर्ज दिलं त्या दिवशी पूर्ण रक्कम डेबिटला पडते, दर महिन्याचं व्याजही डेबिटला, तुम्ही भरलेला हप्ता क्रेडिटला, आणि बॅलन्सपुढे शेवटपर्यंत Dr असतं. क्रेडिट कार्डचंही तसंच, खरेदी डेबिट आणि तुम्ही भरलेलं बिल क्रेडिट. म्हणून कार्डाचं बिल भरलंत की बचत खात्याच्या स्टेटमेंटमध्ये ती रक्कम डेबिटला दिसेल आणि कार्डाच्या स्टेटमेंटमध्ये क्रेडिटला. बचत खात्यातून गेले पण कार्डावर क्रेडिट आलं नाही असं झालं तर दोन-तीन दिवस वाट बघा आणि मग नॅरेशनमधला रेफरन्स नंबर घेऊन बँकेला विचारा, तो नंबर दिलात की त्यांना ती एंट्री लगेच सापडते.