बुधवारचं विमान आणि कार्डावरचे एक लाख वीस हजार

«मी निवृत्त शिक्षिका, इंदूरला राहते. मुलगी-जावई पुण्याला असतात, नात दीड वर्षाची आहे. दर दोन महिन्यांनी आम्ही दोघं शुक्रवारी संध्याकाळच्या विमानाने पुण्याला जातो आणि रविवारी रात्री परततो. जावई म्हणतात, शुक्रवारी 5,500 पडतात, बुधवारी 4,500. त्यांनी पुण्याहून इंदूरला येणाऱ्या विमानाचे दर पाहिले होते. मधल्या वारी जायचं तर यजमानांना दरवेळी दोन दिवस बिनपगारी रजा घ्यावी लागेल, दिवसाचे 1,500 जातील. बुधवार खरंच स्वस्त असतो का? तिकिटांसाठी बँकेने मैल मिळणारं क्रेडिट कार्ड दिलंय. त्यावर 1,20,000 बाकी आहेत, पण 6,000 ही किमान रक्कम आम्ही दरमहा वेळेवर भरतो, त्यामुळे व्याज लागत नाही. नातीसाठी माझ्या नावावर 2 लाखांची एफडी ठेवलीय, तिला हात लावायचा नाही.»

काकू, बुधवार बहुतेक वेळा स्वस्त असतो. पण तो का स्वस्त असतो हे कळलं, की तुमच्या बाबतीत त्याचा फारसा उपयोग नाही हेही कळेल.

विमानातल्या सगळ्या सीटा एकाच भावाने विकायला काढत नाहीत. एकाच विमानात भावाचे अनेक टप्पे असतात आणि कुठला टप्पा कधी उघडायचा, कधी बंद करायचा, हे त्या विमानाला किती मागणी येईल या अंदाजावर ठरतं. यामागचा हिशेब 1972 मध्ये बीओएसी या ब्रिटिश विमान कंपनीतल्या केन लिटलवूड यांनी मांडला, आणि तो भाजीवाल्यालाही पटेल इतका सरळ आहे. समजा एक सीट आज 4,500 ला जाऊ शकते आणि शेवटच्या दोन दिवसांत घाईचा माणूस आला तर तीच 9,000 ला जाईल. शुक्रवारी संध्याकाळी असा माणूस येण्याची शक्यता 70 टक्के धरली, तर थांबण्याची किंमत झाली 6,300. मग आज 4,500 ला कोण देईल? स्वस्त टप्पा बंद. बुधवारी दुपारी तीच शक्यता 30 टक्के धरा, थांबण्याची किंमत उरते 2,700. मग समोर आलेले 4,500 घेतलेले बरे. टप्पा उघडा राहतो.

म्हणजे स्वस्ताई बुधवारात नसते, त्या विमानाला घाईचं गिऱ्हाईक नसण्यात असते. कामाची माणसं सोमवारी सकाळी जातात आणि गुरुवार-शुक्रवारी संध्याकाळी परततात. घरी जाणारे आणि फिरणारे शुक्रवार-रविवार धरतात. मंगळवार-बुधवार दोघांच्याही हिशेबात बसत नाहीत. पण सण आला की वाराचं गणित मोडतं. 2025 मध्ये गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला, बुधवारी होती. अशा वेळी आदल्या मंगळवारी घरी पोचण्याची घाई असते आणि तो मंगळवार शुक्रवारासारखाच वागतो. मंगळवारी रात्री बसून तिकीट काढलं की स्वस्त मिळतं, हेही तुम्हाला कुणीतरी सांगितलं असेलच. ते विसरा. प्रवास कुठल्या वारी आहे ते महत्त्वाचं, तिकीट काढायला कुठल्या वारी बसलात ते नाही.

आता जावयांच्या आकड्यांकडे येऊ. ते चुकीचे नाहीत, उलट्या दिशेचे आहेत. इंदूरची मुलं नोकरी-शिक्षणासाठी पुण्यात राहतात. ती शुक्रवारी संध्याकाळी पुण्याहून इंदूरला येतात आणि रविवारी रात्री परत जातात. उज्जैन-ओंकारेश्वर करणारे पुणेकरही साधारण तसेच. तुम्ही मात्र शुक्रवारी इंदूरहून निघता आणि रविवारी पुण्याहून परतता, म्हणजे गर्दीच्या विरुद्ध. शुक्रवारी पुण्याहून भरून आलेलं विमान परत जातंच, आणि त्याच्या सीटाही विकाव्याच लागतात. त्यामुळे तुम्हाला शुक्रवार-बुधवारातला फरक हजारापेक्षा बराच कमी दिसायला हवा. इंदूरहून शनिवार-रविवार साधून बाहेर पडणारेही असतात, म्हणून तो शून्य होईल असं मी म्हणत नाही. स्वतः तपासा: इंदूर-पुणे, एकच ठराविक विमान, पुढचे पाच शुक्रवार आणि पाच बुधवार. एका शुक्रवारची एका बुधवारशी तुलना करू नका. एखाद्या लग्नाच्या तिथीने सगळं चित्र फिरतं.

तरीही जावयांचाच हजार खरा मानू. दोन माणसं, जाणं-येणं, वर्षात सहा खेपा: 24,000 वाचले. दोन दिवसांची बिनपगारी रजा सहा वेळा: 18,000 गेले. हाती 6,000. फरक हजाराऐवजी 700 निघाला तर हेही संपतात. तुमचा शुक्रवार ठीक आहे, तो बदलू नका.

आणि तेवढेच 6,000 तुम्ही दरमहा कार्डावर भरताच आहात.

«व्याज लागत नाही» हे तुम्हाला कुणी सांगितलं? किमान रक्कम भरल्याने फक्त उशिराचा दंड टळतो आणि खातं थकबाकीत जात नाही. व्याज पूर्ण लागतं. महिन्याला साडेतीन टक्के हा अशा कार्डांचा नेहमीचा दर आहे. तुमचा नेमका दर स्टेटमेंटवर छापलेला असतो, सहसा मागच्या पानावर. 1,20,000 वर महिन्याचे 4,200, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे जवळपास 4,950. तुमच्या सहा हजारांतले हजारभर रुपये मुद्दलात जातात, तेवढ्यात नवं तिकीट निघतं आणि बाकी पुन्हा होती तिथे किंवा त्याच्याही वर जाते. व्याज आणि जीएसटी मिळून वर्षाला 55 हजारांच्या वर! आणि बाकी राहिली की बिनव्याजी मुदतही जाते. नव्या तिकिटावर खरेदीच्या दिवसापासून मीटर सुरू. मैल मिळतात ते या खर्चापुढे चिल्लर आहेत. ज्यांनी हे कार्ड विकलं त्यांनी मैलांचा तक्ता दाखवला असेल, व्याजाचा दाखवला नसेल.

एफडीला हात लावायचा नाही, ही भावना मला कळते. पण ती एफडी 7 टक्के देत असेल तर 1,20,000 वर वर्षाला 8,400 मिळतात, आणि तेवढ्याच रकमेवर तुम्ही 55 हजार देताय. नातीचे पैसे असे वाचत नाहीत, झिजतात. एफडी मोडा. मुदतीआधी मोडल्याचा दंड साधारण एक टक्का कमी व्याज असा असतो, तो सोसा. कार्डाची पूर्ण बाकी एकदम भरा. पुढच्या स्टेटमेंटवर काही शे किंवा दोन-तीन हजार व्याज तरीही दिसेल. ते शेवटच्या स्टेटमेंटपासून पैसे भरेपर्यंतच्या दिवसांचं असतं. घाबरू नका, तेही पूर्ण भरा. मग आपोआप भरण्याच्या सूचनेत «किमान रक्कम» बदलून «संपूर्ण बाकी» करा. हे जमणार नसेल तर कार्ड बंद करा आणि तिकिटं डेबिट कार्डाने काढा. उरलेल्या 80 हजारांची एफडी पुन्हा ठेवा आणि सध्याचे सहा हजार दरमहा नातीच्या नावाने आवर्ती ठेवीत टाका. वर्षात 72 हजार जमतील, मोडलेल्यातले निम्म्याहून जास्त परत.

बुधवार उपयोगी पडेल तो तुमच्या मुलीला. ती माहेरी येते तेव्हा पुण्याहून निघते, म्हणजे गर्दीच्या दिशेनेच. घरून काम करता येत असेल तर तिने शुक्रवार टाळावा. नात दोन वर्षांची झाली की तिलाही स्वतंत्र सीट घ्यावी लागेल. येताना वय दोनच्या आत आणि जाताना वर असेल, तर परतीचं तिकीट पूर्ण लागतं, हे बुकिंग करतानाच पाहून घ्यायला सांगा.