हिरवं म्हणजे निकेल नव्हे

प्रश्न: परवा बारावीचं केमिस्ट्री प्रॅक्टिकल आहे. टेस्ट ट्यूबमधल्या द्रावणाचा नुसता रंग बघून कॉपर, निकेल आणि आयर्न कसं ओळखायचं? पटकन लक्षात राहील असं सांगा.

पटकन लक्षात राहील असं तुमच्या जर्नलच्या मागच्या पानावर आहेच: कॉपर निळं, निकेल हिरवं, फेरस फिकट हिरवं, फेरिक पिवळसर तपकिरी. मीही तेच पाठ करून गेले होते, आणि त्या ओळीनेच माझं बारावीचं प्रॅक्टिकल नासलं. म्हणून हे लिहितेय.

मला हिरवट निळे, ओलसर खडे आले होते. घाईत मी चिमूटभराऐवजी चांगला चमचाभर सॉल्ट घेतला आणि थोड्याशा पाण्यात विरघळवला. नीट विरघळेना म्हणून वरून काँक एचसीएल ओतलं. ओएस, म्हणजे मूळ द्रावण, झालं पोपटी हिरवं. शेजारचा म्हणाला, निकेल. मलाही आधी तसंच वाटलं. पण हा एवढा गडद ओएस पुढच्या टेस्टना चालणार नाही म्हणून त्यातले पाचसहा थेंब अर्ध्या ट्यूब पाण्यात टाकले, तर पाणी फिकट निळं झालं. हिरव्याचा मागमूस नाही.

कारण साधं आहे. पाण्यात कॉपरच्या आयनाभोवती पाण्याचे रेणू असतात, तेव्हा तो निळा दिसतो. क्लोराइड भरपूर असलं की पाण्याची जागा क्लोराइड घेतं आणि तो पिवळा होतो. अर्धे निळे अर्धे पिवळे एकत्र आले की डोळ्याला हिरवं दिसतं. पाणी वाढवलं की क्लोराइड मागे हटतं आणि निळा परत येतो. निकेल असं करत नाही. त्यात कितीही पाणी घाला, ते फिकट होत जाईल पण हिरवंच राहील.

मी ‘बेसिक रॅडिकल: कॉपर’ लिहिलं. बाहेरून आलेल्या परीक्षक सरांनी आधीची हिरवी ट्यूब खिडकीकडे धरली आणि म्हणाले, “हे निकेल आहे. निळं पाणी कुठून आणलंस?” मी म्हटलं, सर, यातलंच आहे, पाणी घातलं फक्त. ते म्हणाले, “पाण्याने धातू बदलतो का?” मी अमोनिया घालून दाखवला. आधी निळसर साका आला, जास्त घातल्यावर विरघळून गर्द निळं झालं. त्यावर त्यांचं उत्तर तयार होतं, “निकेलही अमोनियात निळं होतं.” आणि खरं सांगायचं तर ते होतंच! निकेलचा निळा फिका असतो आणि जरा जांभळ्याकडे झुकतो, कॉपरचा दौतीतल्या शाईसारखा असतो. पण दोन ट्यूब शेजारी नसतील तर हा फरक सांगताना कुणाचीही जीभ अडखळेल. माझी अडखळली. निकेल ओळखायच्या डीएमजीची बाटली टेबलावर रिकामी होती. सरांनी लाल शाईने कॉपर खोडलं.

आता मी एका प्लेटिंगच्या कारखान्यात लॅब बघते. रोज निकेल बाथसमोर उभी असते, त्यामुळे निकेलचा हिरवा माझ्या डोळ्यात मुरलाय. तरी त्या बाथमध्ये थोडं कॉपर मिसळलं तर मला तो रंग बघून कळत नाही, कुणालाच कळत नाही. जॉबच्या, म्हणजे प्लेटिंगला आलेल्या वस्तूच्या, खाचेत, जिथे करंट कमी पोचतो तिथे, प्लेटिंग काळपट यायला लागतं तेव्हा कळतं. म्हणजे रोज बघणाऱ्यालाही रंगावर विसंबता येत नाही, मग तीन तासांत घामेजलेल्या विद्यार्थ्याने का विसंबावं?

त्या दिवशी दोन थेंबांत भांडण मिटलं असतं, ते मला नंतर सुचलं. पातळ केलेल्या निळ्या द्रावणात पोटॅशियम फेरोसायनाइडचे दोन थेंब टाकले की कॉपर असेल तर चॉकलेटी तपकिरी साका येतो. निकेल असेल तर फिकट हिरवट पांढरा. फेरिक असेल तर गर्द निळा. फक्त अमोनिया घातलेली ट्यूब त्यासाठी वापरू नका, मूळ द्रावणातून नवी घ्या. तेही नसेल तर सँडपेपरने घासलेला लोखंडी खिळा पातळ द्रावणात दोन मिनिटं बुडवा. कॉपर असेल तर खिळ्यावर लालसर थर चढतो. निकेल असं पटकन काही दाखवत नाही. काँक अॅसिडात मात्र खिळा टाकू नका, नुसते बुडबुडे येतील आणि पुन्हा कुणीतरी म्हणेल, हे काय दाखवतेस.

निकेलचा पुरावा एकच माना: द्रावण अमोनियाने अल्कधर्मी करून डीएमजी घातल्यावर येणारा कुंकवासारखा लाल साका. साका हवा, नुसता लाल रंग नको. फेरसही डीएमजीबरोबर लाल रंग देतं, पण ते द्रावणच लाल होतं, तळाशी काही बसत नाही. इथे बरेच जण गंडतात.

आयर्नबद्दल तुम्ही विचारलंय खरं, पण ते मला प्रॅक्टिकलला कधी आलंच नाही, म्हणून थोडक्यात. फेरस पातळ केलं की जवळपास रंगहीन दिसतं आणि मुलं झिंकच्या मागे लागतात. शिवाय जुन्या बाटलीतलं फेरस सल्फेट हवेने थोडं फेरिक झालेलं असतं, त्यामुळे थायोसायनेट टाकल्यावर फिकट गुलाबी आलं म्हणून लगेच फेरिक लिहू नका. फेरिक असेल तर रक्तासारखा लाल येतो, डोळे विस्फारतील इतका. शंका असेल तर अमोनिया घाला: फेरसचा मळकट हिरवा साका वरच्या कडेने हळूहळू तपकिरी पडत जातो, फेरिकचा पहिल्यापासून विटकरी असतो, आणि जास्त अमोनियातही दोन्ही विरघळत नाहीत. फेरिकचा पिवळाही खरा त्याचा स्वतःचा नव्हे. फेरिक नायट्रेटचे खडे फिकट जांभळे असतात. पाण्यात पडल्यावर आयन पाण्याशी खेळतो, त्यातून तो पिवळा येतो.

आता एक कबुली. चूक सरांचीच होती, पण गडद द्रावण करून त्यात काँक एचसीएल ओतणं माझं होतं. सांगितल्याप्रमाणे चिमूटभर सॉल्ट घेतला असता तर ओएस पहिल्यापासून निळंच आलं असतं आणि वादच झाला नसता. आणि सल्फेटचं पातळ द्रावण असेल तर तुमच्या जर्नलमधली ती रंगांची ओळ चालते, अगदीच टाकाऊ नाही. पण ती फक्त पहिला अंदाज म्हणून वापरा, आणि पेपरवर “रंगावरून कॉपर” असं कधीच लिहू नका. टेस्ट, काय दिसलं, निष्कर्ष, अशा क्रमाने लिहा, म्हणजे खोडणाऱ्याला तिन्ही खोडावं लागेल.

उद्या कॉलेजात लॅब उघडी असेल तर लॅब असिस्टंटना सांगून कॉपर क्लोराइड आणि निकेल क्लोराइड मागून घ्या. दोन्ही इतके गडद करा की हिरवे दिसतील. मग दोन्हींत थोडंथोडं पाणी घालत जा आणि कुठल्या थेंबाला कॉपरचं निळं व्हायला लागतं ते बघा. सरांनी तेव्हा एवढंच करून बघायचं होतं, नळ टेबलाला लागूनच होता.