‘लेड’ लिहिलंय, पण काय लेड केलं?

प्रिय मित्रा,

सीनियर प्रोजेक्ट मॅनेजरच्या जागेसाठी तू पाठवलेले दोन्ही रेझ्युमे वाचले. पहिल्याच्या जवळपास प्रत्येक ओळीत ‘लेड’ आहे म्हणून तू त्याला वर ठेवलंस, आणि ‘असिस्टेड’, ‘सपोर्टेड’ दिसलं म्हणून दुसरीला खाली. मी क्रम उलटा केलाय.

क्रियापद उमेदवार स्वतः निवडतो, त्यावर कुणाचा धाक नसतो. म्हणून नजर त्याच्या पुढच्या कामावर ठेव. पहिल्याने लेड काय केलं? आठवड्याची स्टेटस मीटिंग आणि बिलिंग मायग्रेशनचं डॉक्युमेंटेशन. कामं चांगलीच आहेत, पण ती नवखा कोऑर्डिनेटरही सांभाळतो. कुणाला काम नेमून दिलं, कुठला निर्णय घेतला, बजेट कुणाच्या हातात होतं, यातलं काहीच नाही. शिवाय त्याच्या पहिल्या नोकरीतही ‘लेड’ आणि आताच्या नोकरीतही ‘लेड’. माणूस खरंच वर चढत आला असेल, तर जुन्या नोकरीच्या ओळी सहसा साध्या असतात आणि पुढे जबाबदारी वाढत जाताना दिसते.

आता दुसरीची एक ओळ बघ. तिने 3 साइट्सच्या कटओव्हर प्लॅनिंगला ‘सपोर्ट’ केला, रोलबॅकच्या निकषांसकट. नवी सिस्टिम चालू करताना काय बिघडलं की माघार घ्यायची, हे त्या निकषांत ठरतं. हे काम सहसा नवख्याकडे देत नाहीत. कागदोपत्री लीड क्लायंटचा माणूस असेल, म्हणून तिने बेताचा शब्द वापरला असेल. सल्लागार कंपन्यांतली माणसं बऱ्याचदा असंच लिहितात. (प्रॉडक्शन सपोर्टवाल्यांची तर गोष्टच वेगळी. तिथे ‘सपोर्टेड’ म्हणजे मदत नव्हे, तीच त्यांची नोकरी.)

अर्थात तिने नुसतं टेम्प्लेट भरलेलं असू शकतं. रेझ्युमेवरून ते कळणार नाही, फोनवर कळेल. तिला विचार, ‘माघारीची वेळ कुणी ठरवली, आणि वाद कशावरून झाला?’ जिने ठरवली ती सांगेल, ‘पहाटे 4 धरली. जुनी सिस्टिम परत उभी करायला दोन तास लागायचे आणि 6 वाजता पहिली शिफ्ट बसायची. ऑपरेशन्सवाल्यांना 3 हवे होते.’ जी नुसती खोलीत हजर होती ती म्हणेल, ‘टीमने मिळून ठरवलं.’ तरी घाई करू नकोस. काहींना ‘आम्ही’ म्हणायची सवयच असते. ‘त्यातलं तुमच्याकडे काय होतं?’ एवढं एकदा विचार आणि थांब.

पहिल्यालाही फोन कर, कुठला पर्याय नाकारला आणि का, ते विचार. उत्तर गुळमुळीत आलं तरी त्याचा रेझ्युमे फेकू नकोस. कोऑर्डिनेटरची जागा निघाली की तो तिथे चपखल बसेल.

तुझा,
जुना सहकारी